‘आम्ही डॉक्टरांना कळवलं’ म्हणजे नक्की कुणी?

*ताई, नमस्कार. मी मिरजेला एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डची स्टाफ नर्स आहे, सहा वर्षं झाली. ओईटी ही इंग्रजीची आणि सीबीटी ही तिकडच्या नर्सिंग नोंदणीची, दोन्ही परीक्षा झाल्यात. गेल्या महिन्यात इंग्लंडमधल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या, एका ट्रस्टची टीम्सवर मुलाखत झाली. “पेशंटची तब्येत अचानक बिघडली तेव्हा तुम्ही काय केलंत, असा एक प्रसंग सांगा,” असं विचारलं. मी सांगितलं, “ऑपरेशनचा एक पेशंट रात्री सीरियस झाला. आम्ही लगेच डॉक्टरांना कळवलं, ट्रीटमेंट सुरू केली, पेशंट बरा होऊन घरी गेला.” मग तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा म्हणाले. मी म्हटलं, मी नेहमी काळजी घेते, माझ्याकडून चूक झालेली नाही. नकार आला. मेलमध्ये लिहिलंय, उदाहरणांत माझी स्वतःची कृती स्पष्ट झाली नाही. खरं तर त्या रात्री ड्यूटीवरचे डॉक्टर, आरएमओ सर, यायला तयार नव्हते आणि मी थेट मोठ्या सरांना फोन लावला होता. पण ते सांगितलं तर तक्रार केल्यासारखं वाटेल म्हणून गाळलं. आता तीन आठवड्यांनी दुसऱ्या ट्रस्टची मुलाखत आहे, त्याआधी एक रेकॉर्डेड राउंड आहे. एजन्सी म्हणते स्टार पद्धतीने बोला. म्हणजे नेमकं काय करू?*
*– एक सिस्टर, मिरज*

अगं, जे गाळलंस तेच उत्तर होतं. बाकी जे सांगितलंस ते त्या दिवशी मुलाखतीला बसलेल्या प्रत्येकीने सांगितलं असणार.

मी अकरा वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात होते आणि त्यातली शेवटची चार वर्षं नव्या सिस्टर घेताना पॅनेलवर बसायचे. तेव्हा कॅमेऱ्याच्या पलीकडे काय चाललेलं असतं ते आधी सांगते. तिथे दोन किंवा तीन माणसं असतात. प्रत्येकाच्या पुढे एकच कागद असतो. त्यावर सगळ्या उमेदवारांना विचारायचे तेच ते प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली काय ऐकू यायला हवं ते छापलेलं असतं: बिघाड कशावरून ओळखला, कुणाला कळवलं, दाद लागली नाही तेव्हा काय केलं, नोंद केली का. तू बोलत असतेस तेव्हा ते मान खाली घालून लिहितात, त्याने घाबरू नको. तुझं वाक्य त्या ओळीपुढे उतरलं तर मार्क मिळतो, नाहीतर नाही. “हिने नक्की केलं असणार, पण लाजतेय” असं मला कितीदा वाटलं आहे. पण वाटण्याला मार्क देता येत नाहीत. उद्या नाकारलेल्या उमेदवाराने कारण विचारलं तर कागदावर लिहिलेलंच दाखवावं लागतं.

आता तुझं ते वाक्य घे: “आम्ही डॉक्टरांना कळवलं.” आम्ही म्हणजे तू, की तुझी इन्चार्ज, की शेजारच्या बेडवरची सिस्टर? आपल्याकडे ‘मी’ म्हटलं की मोठेपणा मिरवल्यासारखं वाटतं, म्हणून आपण ‘आम्ही’च्या आड उभ्या राहतो. त्यात आपल्या नर्सेस नोट्सचीही सवय असते: इंजेक्शन देण्यात आलं, डॉक्टरांना कळवण्यात आलं. केसपेपरवर ते चालतं, कारण खाली सही असते. मुलाखतीत सही नसते, ‘मी’ असतो. टीमचं श्रेय लाटू नको. सहकारी सिस्टरने काय केलं ते तिच्या नावावर सांग, तू केलंस ते तुझ्या नावावर.

दुसरी गोष्ट, प्रश्नाचा काळ ऐकायला शीक. “टेल मी अबाउट अ टाइम” असं सुरू झालं की घडलेली एक गोष्ट हवी असते, एका दिवसाची, एका पेशंटची. तिथे “मी नेहमी असं करते” हे उत्तर बसतच नाही, कारण ती सवय झाली, प्रसंग नाही. “व्हॉट वुड यू डू इफ” असं सुरू झालं की तो ‘समजा’चा प्रश्न आहे. समजा पेशंट खाली पडलेला दिसला तर काय करशील? तिथे क्रम सांगायचा: आधी मदतीला हाक, मग श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर देणाऱ्या मुली मी खूप पाहिल्या. चुकीच्या साच्यात ओतलं की चांगला अनुभवही वाया जातो.

स्टार म्हणजे चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं: सिच्युएशन, टास्क, ॲक्शन, रिझल्ट. परिस्थिती काय होती, त्यात तुझ्यावर काय जबाबदारी होती, तू काय केलंस, शेवटी काय झालं. शेवटी एक वाक्य वाढवायचं, त्यातून तू काय शिकलीस याचं. ब्रिटनमध्ये ते बहुतेक वेळा ऐकायचं असतंच. तुला हे अवघड जाऊ नये, कारण तू रोज पाळी बदलताना ओव्हर देतेस. कोणता पेशंट, काय झालं, मी काय केलं, आता काय स्थिती. फरक एवढाच की ओव्हरमध्ये मध्यभागी पेशंट असतो आणि इथे मध्यभागी तुझे निर्णय असतात.

वेळेची वाटणी मात्र बहुतेकींची चुकते. उत्तराला साधारण अडीच मिनिटं मिळतात असं धर. आपल्या मुली त्यातलं दीड मिनिट परिस्थिती सांगण्यात घालवतात: हॉस्पिटल किती खाटांचं, पेशंट कुठून आला, शुगर कधीपासून, ऑपरेशन कुणी केलं. मग घाईघाईत “मग आम्ही मॅनेज केलं.” नेमकं उलटं हवं. परिस्थिती वीस सेकंद, जबाबदारी एक वाक्य, कृती दीड मिनिट, परिणाम आणि शिकणं मिळून अर्धं मिनिट. फोनवर स्वतःचं उत्तर रेकॉर्ड कर आणि पहिला ‘मी’ कितव्या सेकंदाला येतो ते बघ. तिसाव्या सेकंदाच्या पुढे गेला असेल तर त्याच्या आधीचं काट.

तुझ्या त्या रात्रीचंच उत्तर मांडून बघू. तू आकडे लिहिलेले नाहीस, म्हणून मी उदाहरणादाखल घालते. तू तुझे खरे घाल.

“मी चोवीस खाटांच्या सर्जिकल वॉर्डात रात्रपाळीला होते, बारा पेशंट माझ्याकडे होते. त्यांतले एक साठीच्या पुढचे गृहस्थ, आतड्याच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस. त्यांच्यावर लक्ष ठेवणं आणि काही बदल दिसला तर वेळेत वर कळवणं ही माझी जबाबदारी होती. दोनच्या फेरीत ते मला गप्प-गप्प वाटले. दहा वाजता त्यांची नाडी ८८ आणि वरचं बीपी १२६ होतं. आता नाडी ११२, बीपी १०४, श्वास मिनिटाला २४, ऑक्सिजन ९३ टक्के, ताप ३८.४. मी लघवीची पिशवी बघितली, चार तासांत फक्त ६० मिली. इन्फेक्शन अंगात पसरत असावं असा मला संशय आला. मी डोक्याकडची बाजू उचलली, वॉर्डच्या ठरलेल्या सूचनांप्रमाणे ऑक्सिजन लावला आणि दोन दहाला ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन केला. पेशंट कोण, आधी काय होतं, आता आकडे काय आहेत आणि तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं, या क्रमाने सांगितलं. त्यांनी पॅरासिटामॉल द्यायला आणि सकाळी बघू असं सांगितलं. मी आकडे पुन्हा वाचून दाखवले आणि मला काळजी वाटतेय असं स्पष्ट म्हटलं. शेजारच्या सिस्टरला माझे बाकीचे पेशंट बघायला सांगितलं आणि मी त्यांच्यापाशी थांबले. अडीचला बीपी ९८ झालं. तेव्हा मी डॉक्टरांना सांगूनच सर्जन सरांना थेट फोन लावला. सरांनी फोनवर ऑर्डर दिल्या, डॉक्टरही आले. मी अँटिबायोटिकच्या आधी ब्लड कल्चर घेतलं, तीन पाचला पहिला डोस दिला, सलाइन सुरू केलं. बाहेर झोपलेल्या मुलाला उठवून काय चाललंय ते सांगितलं. सगळं वेळेसकट लिहून ठेवलं. सकाळी त्यांना पुन्हा ऑपरेशनला घेतलं, टाक्यांच्या जागी गळती सापडली. बाराव्या दिवशी ते घरी गेले. पुन्हा अशी वेळ आली तर पहिल्या आणि दुसऱ्या फोनमध्ये मी वीस मिनिटं जाऊ देणार नाही.”

हे मराठीत वाचायला लांब वाटतं, पण इंग्रजीत घाई न करता बोललीस तर तीन मिनिटांच्या आत बसतं. सलाइन आणि मुलाला उठवण्याची वाक्यं वेळ कमी असेल तर जाऊ दे. आकडे, दोन फोन आणि शेवटचं वाक्य जाऊ देऊ नको.

यातल्या काही गोष्टींपाशी थांबते. ताप मी सेल्सिअसमध्ये लिहिला आहे. तुमच्या टीपीआर चार्टवर तो १०१ फॅरेनहाइट असेल, पण तिकडच्या माणसाला १०१ ऐकून अर्थबोध व्हायला दोन सेकंद लागतात आणि तेवढ्यात तुझं पुढचं वाक्य निसटतं. घरीच रूपांतर करून ठेव.

तिकडे मोठ्या माणसांच्या वॉर्डांत ‘न्यूज टू’ नावाचा तक्ता वापरतात. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने तो २०१७ च्या डिसेंबरात काढला. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, ताप आणि ऑक्सिजन लावलाय का, यांना मार्क देऊन बेरीज करायची. वरच्या पेशंटची बेरीज ऑक्सिजन लावण्याआधी आठ येते: श्वासाचे दोन, ऑक्सिजनचे दोन, बीपीचा एक, नाडीचे दोन, तापाचा एक. सात किंवा त्यापुढे गेलं की तातडीने वरिष्ठ टीम बोलवायची. तुमच्या वॉर्डात हा तक्ता नसेल तर वापरला होता असं बिलकुल सांगू नको. पुढचाच प्रश्न “किती आला होता?” असा येतो आणि तिथे धांदल उडते. त्यापेक्षा म्हण, “आमच्याकडे हा तक्ता नाही, मी आधीच्या आकड्यांशी तुलना केली. नंतर तुमची पद्धत शिकताना मोजलं तेव्हा आठ आला.” हे प्रामाणिकही आहे आणि तू तयारी केलीस हेही दिसतं.

आता तुझी खरी अडचण, आरएमओंची. तक्रार आणि हकीकत यांत फरक विशेषणांचा असतो. “ते आळशी होते, नेहमीच झोपतात, आमच्याकडे असंच चालतं” ही तक्रार. “त्यांनी पॅरासिटामॉल द्यायला सांगितलं, मी आकडे पुन्हा सांगितले, वीस मिनिटांनी बीपी आणखी उतरलं, मी वर फोन केला” ही हकीकत. त्यांच्याबद्दल एकही विशेषण वापरायचं नाही. ते त्या वेळी कॅज्युअल्टीत अडकले असतील आणि तुला माहीत असेल तर तेही सांग. त्यांचं किंवा हॉस्पिटलचं नाव घ्यायचं नाही, पेशंटचं तर नाहीच. पेशंट म्हणजे ‘साठीच्या पुढचे एक गृहस्थ’, बस.

तिकडे या गोष्टीला एवढं महत्त्व का, त्यालाही कारण आहे. मिड स्टॅफर्डशर नावाच्या ट्रस्टमध्ये पेशंटांची जी हेळसांड झाली तिची सार्वजनिक चौकशी रॉबर्ट फ्रान्सिस यांनी केली. त्यांचा अहवाल २०१३ च्या फेब्रुवारीत आला. माणसांना दिसत होतं पण बोलायची हिंमत किंवा सोय नव्हती, बोलणाऱ्यांचं कुणी ऐकत नव्हतं, हे त्यातलं एक मोठं सूत्र होतं. त्यानंतर मुलाखतीच्या कागदावर “दाद लागली नाही तेव्हा काय केलं” ही ओळ जास्त ठळक झाली. म्हणून रात्री अडीचला सर्जनना उठवणारी सिस्टर त्यांना उद्धट वाटत नाही. तशीच सिस्टर त्यांना हवी असते.

आता ‘तुमची एखादी चूक सांगा’ हा प्रश्न. इथे मी तुझ्यापेक्षा वाईट आपटले होते. माझ्या पहिल्या मुलाखतीत मीही छाती पुढे काढून सांगितलं, माझ्याकडून औषधाची चूक कधीच झालेली नाही. समोरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “मग तुमच्या लक्षात आलेली नसेल.” पॅनेलवर बसल्यावर त्यांचं म्हणणं मला कळलं. सहा वर्षांत हजारो डोस देणाऱ्या सिस्टरकडून एकही चूक नाही, यावर कुणाचा विश्वास बसत नाही. चूक दिसत नाही किंवा लपवली जाते, एवढाच अर्थ निघतो. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर २०१४ पासून एनएचएस संस्थांवर ‘ड्यूटी ऑफ कँडर’ कायद्यानेच आहे. उपचारादरम्यान अनपेक्षित काही घडून पेशंटला मध्यम किंवा त्याहून जास्त इजा झाली तर त्याला स्पष्ट सांगायचं, माफी मागायची, पुढे काय करणार ते सांगायचं. सिस्टर म्हणून तुझ्यावरही तसंच व्यावसायिक बंधन येतं, आणि ते तेवढ्या इजेपुरतं नसतं.

दुसऱ्या वेळी मी माझी खरी चूक सांगितली. पुण्यात असताना आधीच्या पाळीच्या सिस्टरने अम्लोडिपिन देऊन सही करायची राहिली होती. मी चार्ट रिकामा बघून तीच पाच मिलिग्रॅमची गोळी पुन्हा दिली. पेशंटच म्हणाले, “सिस्टर, मघाशीच घेतली की.” मी विचारायला हवं होतं ते त्यांनी सांगितलं. मी लगेच बीपी घेतलं, डॉक्टरांना आणि इन्चार्ज सिस्टरना स्वतः सांगितलं, दर अर्ध्या तासाने बीपी बघितलं. ते १०६ च्या खाली गेलं नाही. पेशंटना कुणी सांगायचं हे आमच्याकडे इन्चार्ज ठरवायच्या. त्यांच्या परवानगीने मी जाऊन सांगितलं आणि माफी मागितली. त्या दिवसापासून चार्ट रिकामा असला तरी मी पेशंटला विचारते आणि आधीच्या पाळीला फोन करते. यात मी त्या दुसऱ्या सिस्टरवर ढकललं नाही, ते मुद्दाम बघ. तिची सही राहिली हे परिस्थितीत एका वाक्यात आलं, उरलेलं सगळं माझं.

आपल्याकडे नातेवाइकांना चूक सांगणं म्हणजे कधीकधी वॉर्डात आरडाओरडा ओढवून घेणं असतं, हे मला माहीत आहे. तुझ्या प्रसंगात पेशंटना सांगितलं गेलं नसेल तर सांगितलं असं रचू नको. “तिथे तो निर्णय माझा नव्हता, मी इन्चार्जना कळवलं. तुमच्याकडे पेशंटला सांगणं माझंच काम असेल हे मला ठाऊक आहे,” इतकं पुरतं. चूक निवडताना मात्र पेशंटशी संबंधित निवड. “मी फार परफेक्शनिस्ट आहे” किंवा “एकदा ड्यूटीला उशीर झाला” असलं सांगितलंस तर तो प्रश्न गेलाच. अगदीच औषधाची चूक आठवत नसेल तर थोडक्यात टळलेल्या चुकीचा प्रसंग चालतो. एकाच आडनावाचे दोन पाटील शेजारच्या बेडवर होते आणि हातातलं बँड बघताना लक्षात आलं, हा प्रसंग कोणत्या वॉर्डात घडत नाही?

प्रश्न पन्नास असले तरी गोष्टी सहा पुरतात. बिघडलेला पेशंट, झालेली चूक, सहकाऱ्याशी मतभेद, चिडलेले नातेवाईक, एकाच वेळी तीन कामं आली ती पाळी, आणि तू वॉर्डात बदललेलं किंवा कुणाला शिकवलेलं काहीतरी. तुझी ती रात्र एकटीच तीन प्रश्नांना चालेल: बिघाड, मतभेद आणि धैर्य. फक्त कुठला भाग फुगवायचा ते बदलतं. एका मुलाखतीत तीच गोष्ट दोनदा मात्र सांगू नको.

प्रश्न कोणते येतील याचा अंदाज घ्यायला एजन्सीकडून जाहिरातीबरोबरचं ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ मागून घे. दीड-दोन पानांचा तो तक्ता असतो, आवश्यक आणि असल्यास उत्तम अशा दोन रकान्यांचा. पॅनेलचे बरेचसे प्रश्न आवश्यकच्या रकान्यातूनच उचललेले असतात. त्यातल्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने तुझ्या सहा गोष्टींपैकी एक लिही. जिथे रिकामं राहील तिथे तयारी कर. एजन्सी तयार उत्तरांची पीडीएफ देते ती बाजूला ठेव. एकाच दुपारी तीन मुलींनी मला बेडवरून घसरणाऱ्या त्याच आजीबाई सांगितल्या होत्या, तिघींचं वाक्यही तेच. तिसऱ्या वेळी आम्ही विचारलं, आजींच्या कोणत्या पायाला लागलं होतं? ती गप्प झाली. खऱ्या गोष्टीला खोदून विचारलं की आणखी बाहेर येतं, रचलेली तिथेच संपते. आणि हो, नोकरी लावून द्यायचे पैसे एजन्सी तुझ्याकडून मागत असेल तर ब्रिटनच्या भरतीच्या आचारसंहितेत ते बसत नाही. हे तुझ्या प्रश्नात नव्हतं, पण सांगून ठेवते.

इंग्रजीचं तुला वाटतं तेवढं अडत नाही. ओईटी झालीय म्हणजे भाषा आहे. पाठ केलेलं इंग्रजी अडतं. पूर्ण उत्तर लिहून पाठ करू नको, एक शब्द विसरलीस की सगळी माळ ओघळते. प्रत्येक गोष्टीसाठी चिठ्ठीवर पाच-सहा शब्द ठेव: दोन वाजता, ११२ आणि १०४, पहिला फोन, अडीच, सर्जन, वीस मिनिटं. आणि क्रियापदं मात्र नेमकी आण. आय नोटिस्ड, आय चेक्ड, आय कॉल्ड, आय रिपीटेड, आय रेकॉर्डेड. “आय मॅनेज्ड द पेशंट”मधून कुणाला काही कळत नाही. प्रश्न समजला नाही तर पुन्हा विचार, एकदा काय दोनदा. यॉर्कशरचा उच्चार मला पहिले सहा महिने कळत नव्हता. चुकीच्या प्रश्नाचं सुंदर उत्तर देण्यापेक्षा ते बरं.

रेकॉर्डेड राउंडमध्ये समोर माणूस नसतो, म्हणून तो अधिक विचित्र वाटतो. प्रश्न पडद्यावर येतो, विचाराला बहुधा अर्धं मिनिट मिळतं, मग घड्याळ उलटं चालू होतं आणि दोन-तीन मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. किती वेळ आहे आणि पुन्हा बोलायची सोय आहे का, हे सुरुवातीच्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय सुरू करू नको. त्या अर्ध्या मिनिटात वाक्यं जुळवत बसू नको. तीनच गोष्टी ठरव: कोणती गोष्ट, पहिला आकडा, शेवटचं वाक्य. कुणी मान हलवत नाही म्हणून माणूस बोलतच राहतो, आणि मग परिणाम सांगायच्या आत पडदा बंद होतो. हा राउंड पाहताना सगळ्यात जास्त हळहळ मला त्याचीच वाटायची. अर्धा वेळ उरला असताना तुझा पहिला फोन झालेला असला पाहिजे, एवढं घड्याळाशी जुळवून घे. घरी सराव करताना स्वयंपाकघरातला टायमर लाव आणि समोर भिंत ठेव, आरसा नको.

पडद्यावर वाचत असलीस तर डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात. चिठ्ठी कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला चिकटव. प्रत्यक्ष व्हिडिओ मुलाखतीत तर सुरुवातीलाच विचार, “मी थोडे मुद्दे लिहून ठेवलेत, बघितले तर चालेल का?” कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. खोलीत दुसरं कुणी नको. शेजारून वहिनी कुजबुजते ते मायक्रोफोनला ऐकू येतं. पासपोर्ट हाताशी ठेव, ओळख पटवायला मागतात. टीम्सवर नाव पासपोर्टप्रमाणे हवं, भावाच्या लॅपटॉपवरून बसलीस तर त्याचं नाव झळकतं ते आधी बदल. फोनवरून बोलणार असलीस तर तो हातात धरू नको, पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला टेकव.

वीज आणि वेळ, दोन्ही मिरजेचे प्रश्न आहेत. इन्व्हर्टरवर पंखा आणि दिवा असतो, वायफायचा राउटर बहुतेक घरांत नसतो. तो जोडून घे आणि फोनचा हॉटस्पॉट तयार ठेव. वेळेचं आणखी बारीक आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिकडची घड्याळं एक तास पुढे असतात. त्या काळात त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले दुपारचे अडीच, एरवी साडेतीन. घड्याळ बदलायच्या आठवड्यात दर वर्षी कुणीतरी तासभर उशिरा येऊन रडकुंडीला आलेली मी पाहिली आहे. मेलमध्ये वेळेपुढे `BST` आहे की `GMT` ते बघ, आणि रात्रपाळीवरून उतरून थेट मुलाखतीला बसू नको. आदल्या दिवशीची पाळी आत्ताच कुणाशी तरी बदलून घे.

आणि त्या रात्रीचे नेमके आकडे आठवत नसतील तर ते शोधायला जुना केसपेपर उघडू नको, आता तो तुझा पेशंट नाही. “नाडी ११० च्या पुढे होती, वेळ दोनच्या सुमारासची,” असं म्हटलेलं चालतं. पहिल्या फोनवर आरएमओ काय म्हणाले आणि त्यावर तू काय म्हणालीस, ते शब्द मात्र आज रात्रीच वहीत उतरवून ठेव.